कोंड्याचा मांडा

आमच्या घरात 'फायबर' हा शब्द मी आणला. त्याआधी आमच्याकडे कोंडा होता, सालं होती, चोथा होता आणि पोट साफ होत नाही म्हणून सकाळभर कुरकुरणारा एक माणूस होता. तो माणूस मीच. फायबर आल्यावर बाकी सगळं तसंच राहिलं, फक्त कुरकुरीला शास्त्रीय आधार मिळाला.

नवरात्राचे उपवास मी धरतो. देवीवर श्रद्धा आहेच, पण साबुदाण्यावर जरा जास्त आहे. सकाळी खिचडी, दुपारी वरी-दाण्याची आमटी, संध्याकाळी वडे, आणि मधल्या वेळेत बटाट्याचा कीस. उपवासाच्या दिवसांत माझं वजन वाढतं, हे हिचं निरीक्षण आहे आणि ते मी कधीच खोडून काढू शकलेलो नाही. साबुदाणा म्हणजे एका कंदातलं निव्वळ पिष्ट. गाळून, धुऊन, गोळ्या करून आपल्यापर्यंत पोचेपर्यंत त्यात चोथा असा काही उरतच नाही. खिचडीतल्या दाण्याच्या कुटाने जी काय अब्रू राखली असेल तेवढीच. त्यात उपवास म्हणून चहा दुप्पट आणि पाणी निम्मं. वर दसऱ्याला श्रीखंड-पुरी. पुढे काय झालं ते सांगायला नको. काहीच झालं नाही, हीच तर तक्रार होती.

अशा वेळी माणसाने घरातल्या मोठ्यांना विचारावं. मी मोबाइलला विचारलं. तिथे मला डेनिस बर्किट भेटले. हे आयरिश शल्यविशारद युगांडात बरीच वर्षं काम करत होते. तिथली खेड्यातली माणसं भरपूर चोथा असलेलं अन्न खातात आणि युरोपातले पोटाचे आजार त्यांच्यात फारसे दिसत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. मग बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचा मल चक्क तोलला, अन्न तोंडातून शिरून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि 1970च्या दशकात ते जगभर फायबरचा प्रचार करत हिंडले. वाचून मी भारावून गेलो. इतका मोठा माणूस ज्या विषयासाठी तागडी घेऊन बसला, त्यासाठी मी पहाटे डोळे मिटून बसतो यात लाज कसली?

तडक गिरणीत गेलो. "गव्हाचा कोंडा पाहिजे. जाडा."

गिरणीवाल्याने विचारलं, "म्हशीला का?"

"घरात पाहिजे," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत.

पिशवीभर कोंडा घरी आला. पहिला चमचा ताकातून घेतला तेव्हा कळलं की म्हैस हा किती सोशिक प्राणी आहे. तो कोंडा जिभेला टोचतो, टाळूला चिकटतो आणि घशात अडून बसतो. मग मी डोकं चालवलं, आणि घरातली संकटं बहुतेक वेळा त्यानंतरच सुरू होतात. सगळा कोंडा मिक्सरमध्ये घातला आणि चेहऱ्याला लावावा इतका बारीक केला. ती पूड थालिपिठात, आमटीत, ताकात, एकदा तर हिच्या नकळत शिऱ्यातसुद्धा गेली. दिवसाला मूठ-दोन मूठ कोंडा पोटात जाऊ लागला आणि पोट आणखी घट्ट बसलं. जे पूर्वी कष्टाने का होईना व्हायचं, ते आता बकरीच्या लेंड्यांवर आलं. हिचं म्हणणं एवढंच, "शिऱ्याचं काय केलंत ते आधी सांगा."

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले काका आहेत. ते म्हणाले, "कोंड्याने काय होतंय? कडधान्यं खा. फायबर आणि प्रोटीन एकदम." दुसऱ्या दिवसापासून सकाळी मटकीची उसळ, दुपारी राजमा, रात्री पावटे. राजमा भिजवलेलं पाणी मी फेकू दिलं नाही, त्यात सत्त्व असतं म्हणून. त्यात सत्त्व नव्हे, दुसरंच काही असतं, हे सोसायटीच्या वार्षिक सभेत कळलं. इमारत दुरुस्ती निधी वाढवण्याचा ठराव मांडला गेला होता. अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदन कोणाचं?" सगळे चिडीचूप. त्या शांततेत माझ्या पोटाने जे काही म्हटलं, ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. सचिवांनी मान डोलावून लिहून घेतलं. इतिवृत्तात त्या ठरावाला माझं अनुमोदन आहे. निधी वाढला. लोक अजून मलाच बोल लावतात.

मग शेवटचा उपाय म्हणून इसबगोल. रात्री झोपताना दोन मोठे चमचे, वाटीभरही नसेल इतक्या पाण्यात. ढवळता ढवळता त्याचा गोळा व्हायला लागला म्हणून घाईने तसाच गिळला, आणि तो छातीच्या मध्यावर येऊन बसला. अर्धा तांब्या पाणी पिऊन तो खाली सरकवला. सकाळी काहीच घडलं नाही म्हणून पुन्हा तेवढंच घेतलं. जोडीला रात्रभर भिजवलेले अंजीर, त्यांचं पाणी आणि अर्धी पपई. नंतर कधीतरी सगळ्यांनी मिळून एकदमच काम केलं. ते इतकं केलं की मी स्वच्छतागृहाला बाहेरून कडी न लावण्याची लेखी विनंती घरात चिकटवली. आता पोट बांधून यायला हवं होतं. पोटाला फायबर चांगलं, हे मला पाठच होतं. म्हणून काकडी-गाजर-मुळ्याची मोठी कोशिंबीर केली आणि डब्यात तळाशी राहिलेला न दळलेला जाडा कोंडा तिच्यावर भुरभुरला. परिणामांचं वर्णन करत नाही. नळाला पाणी होतं, यावर देवाचे आभार.

या सगळ्याची मी वहीत रोजच्या रोज नोंद ठेवली होती. डावीकडे काय खाल्लं, उजवीकडे काय झालं. ही वही माझ्या भाचीने पाहिली. ती आहारतज्ज्ञ आहे, दिवाळीच्या आधी दोन दिवस आमच्याकडे आली होती. वही वाचताना ती आधी हसली, मग गप्प झाली, आणि शेवटी म्हणाली, "मामा, तुम्ही पोटाला एकेक करून नेमकी उलटी गोष्ट दिली आहे. ठरवूनसुद्धा एखाद्याला हे जमलं नसतं."

मला उगाच अभिमान वाटला.

तिने काचेचे दोन ग्लास मागितले. दोन्हींत सारखं पाणी. एकात चमचाभर कोंडा टाकला, दुसऱ्यात चमचाभर इसबगोल, आणि दोन्ही ढवळून चहा होईपर्यंत बाजूला ठेवले. चहा झाल्यावर पाहिलं तर कोंडा तळाशी जाऊन बसला होता. वरचं पाणी थोडं गढूळ, पण पाण्याचं पाणीच. दुसऱ्या ग्लासात मात्र पाणी नावाची वस्तूच उरली नव्हती. चमचा उभा केला तर उभा राहत होता. तिने ग्लास तिरका केला, तसा आतला लगदा हळूच एका बाजूला कलला आणि तसाच थांबला.

"हा न विरघळणारा चोथा," कोंड्याकडे बोट करत ती म्हणाली, "आणि हा विरघळणारा. साखरेसारखा विरघळून नाहीसा होत नाही, पाण्याला धरून जेल होतो. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषायचं. विष्ठेत साधारण तीन-चतुर्थांश पाणीच असतं, आणि त्यात दोन-चार टक्के इकडेतिकडे झाले की तुमच्या वहीतला उजवा रकाना बदलतो. इसबगोलाने धरलेलं पाणी आतडं सहज काढून घेऊ शकत नाही. म्हणून घट्ट झालेलं मऊ होतं. आणि जुलाबात जे सुटं पाणी वाहत असतं, तेही हाच जेल धरून ठेवतो. म्हणून पातळ झालेलं जरा बांधून येतं. एकच वस्तू, दोन्हीकडे."

हे ऐकून हिला तिच्या आजीची आठवण झाली. आजी पोट बिघडलं की दह्यात इसबगोल द्यायची आणि पोट धरलं की गरम दुधात. आम्हाला ती विसंगती वाटायची. माझ्या मते आजीचा औषधांचा साठा मर्यादित होता. साठा मर्यादित नव्हता, आजीला कळत होतं.

"मग कोंडा काहीच करत नाही?" मी विचारलं.

"करतो की. पण तो पाणी धरून काम करत नाही, घासून करतो. जाड, खरखरीत तुकडे आतड्याच्या अस्तराला लागले की अस्तर चिकट स्राव आणि पाणी सोडतं, आणि माल पुढे सरकतो. 1988 साली इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी माणसांना कोंड्याच्या आकाराचे प्लास्टिकचे तुकडे खायला दिले होते. परिणाम कोंड्यासारखाच झाला. म्हणजे कोंड्यातलं सत्त्व वगैरे काही नाही. त्याचा जाडेपणा हेच औषध."

आणि मी ते औषध मिक्सरमध्ये घालून काढून टाकलं होतं. बारीक पूड अस्तराला लागत नाही, पाणी धरत नाही, नुसता कोरडा भर वाढवते. जवळ पाणी कमी आणि वर वाळू, असा माल पोटात तयार झाला होता. दाताने तुटेना म्हणून लोक कोंडा दळतात, कंपन्याही दळतात, आणि मग फायबर असलेली बिस्किटं खाऊन बद्धकोष्ठ का हटत नाही याचं नवल करतात. गव्हाचाच कोंडा घ्यायचा तर चाळणीवर राहिलेला, जाडा, आणि तोही रोज चमचा-दीड चमचा भाकरीच्या पिठात मिसळून सुरू करायचा, असं ती म्हणाली. मुठीने नाही.

"आणि राजमा?" हिने विचारलं. सभेचं तिलाही झोंबलं होतं.

तिसऱ्या ग्लासाची गरज नाही, भाची म्हणाली, ते प्रात्यक्षिक मामांनी जाहीर केलंय. विरघळतो की नाही हा पहिला प्रश्न, पण त्याहून महत्त्वाचा दुसरा: आतले जीवाणू तो आंबवतात की नाही? इसबगोल विरघळतो, पण फारसा आंबत नाही, म्हणून तो शेवटपर्यंत जेल राहून काम करतो. कांदा-लसणातलं इन्युलिन विरघळतं आणि झपाट्याने आंबतं. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडायचं विकर माणसाच्या पोटात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथे जीवाणूंचं पंगतीचं जेवण होतं. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सुटणं हे सर्वसामान्य माणसाचं लक्षण आहे, हे ऐकून मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "दिवसातून म्हणाली ती. तासातून नाही."

या शर्करा पाण्यात उतरतात. म्हणून कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात शिजवायचं. मी जे सत्त्व म्हणून राखलं होतं, ते नेमकं हेच. मोड आणले की त्या आणखी कमी होतात, कारण कोंब त्या खाऊन वाढतो. मोड आलेली मटकी त्यामानाने सोसते, अख्खा राजमा आणि वाल-पावटे जड जातात, आणि सालीविना मुगाची डाळ सगळ्यांत हलकी. ज्याला गॅसचा त्रास आहे त्याने कडधान्य बंद करू नये, पाव वाटीपासून सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवावं. जीवाणूंनाही सवय व्हायला वेळ लागतो. गॅस असताना कोबी, फ्लॉवर, कच्चा कांदा यांच्यावरही काही दिवस हात आखडायचा. फायबर हवं तर ओट्स, इसबगोल, शिजवलेलं गाजर, दुधी, भेंडी यांतून घ्यावं. भेंडीचा तो चिकटपणा, ज्याच्याशी आपण चिंच घालून भांडतो, तोही विरघळणारा चोथाच.

तिने मग वहीचं ते पान उघडलं ज्यावर मी लाल शाईने 'आपत्ती' लिहिलं होतं. इसबगोल बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही काम करतो. तो रात्री घेऊन सकाळी जाब विचारायचा नसतो. मी मात्र लगेच दुप्पट केला. वर अंजीर आणि पपई. या फळांत चोथा आहेच, शिवाय रोजच्या खाण्यापेक्षा एकदम एवढी भर घातली की आतडं बावचळतंच. आणि पाण्याच्या बाबतीत तर मी जीवावरच उठलो होतो. इसबगोल एका चमच्याला पूर्ण ग्लासभर पाण्यात घ्यायचा, ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी थोडं पाणी, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. कमी पाण्यात तो अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. इतर गोळ्या असतील तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर, नाहीतर जेल त्या गोळ्याही धरून ठेवतो. मी रक्तदाबाची गोळी त्याच ग्लासातून गिळत होतो. हे मी भाचीला सांगितलं नाही, वहीत होतं.

"पातळ होत असताना कोशिंबीर आणि जाडा कोंडा!" ती मान हलवत राहिली. घासणारा चोथा आतड्याला आणखी ढकलतो, आणि तेव्हा आतडं आधीच धावत असतं. जुलाबात पहिलं पाणी, मीठ आणि साखर. म्हणजे ओआरएसची पुडी, पुडीवर लिहिल्याइतक्याच पाण्यात. मग मऊ भात, भाताची पेज, ताक किंवा दही-भात, पिकलेलं केळं, साल काढून शिजवलेलं सफरचंद. सफरचंदाच्या गरात पेक्टिन असतं, तेही जेल होणारं. सालं, बिया, कच्च्या पालेभाज्या, कडधान्यं आणि तळण थोडे दिवस बाहेर. दूध सोसत नसेल तर तेही. हे सगळं आमच्याकडे आजारी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या दिलं जातं. मला ते फारच साधं वाटलं होतं, त्यात ना आयरिश डॉक्टर होता, ना पिशवी.

आणि बद्धकोष्ठाला? सकाळी ज्वारी-नाचणीची भाकरी, सालीसकट डाळी आणि गहू, पेरू, पालेभाजी, भिजवलेले दोन-तीन अंजीर, रात्री ग्लासभर पाण्यातून चमचाभर इसबगोल. मात्र हे सगळं एकदम नाही. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमपर्यंत चोथा गेला तर बरं, पण साबुदाण्यावरून तिथे एका उडीत जायचं नसतं, दोन-तीन आठवडे लावायचे. आणि पाणी वाढवल्याशिवाय चोथा वाढवायचा नाही. तिने आणखी एक सांगितलं जे मला कुठल्याही मोबाइलवर दिसलं नव्हतं: चोथा वाढवूनही पोट फुगतच गेलं, आणि काही आठवड्यांत काहीच सरकलं नाही, तर ते आतडंच मंद असू शकतं. अशा वेळी आणखी चोथा घालणं म्हणजे अडलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडणं. तेव्हा थांबून डॉक्टरांकडे जायचं. तसंच विष्ठेत रक्त, कारण नसताना घटतं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यावर फायबर हे उत्तर नाहीच. कित्येकदा आत खूप घट्ट अडकलेलं असतं आणि त्याच्या कडेने पातळ पाझरत राहतं. माणूस जुलाबाचं औषध घेतो आणि अधिकच अडकतो.

"तुमचं त्यातलं काही नाही," तिने मला धीर दिला. "तुमचा आजार म्हणजे उत्साह."

मग तिने वहीला एक शिस्त लावली. उजव्या रकान्यातली माझी वर्णनं तिला वाचवेनात, आणि खरं सांगायचं तर त्यातली काही मी फारच रंगवली होती. 1997 साली ब्रिस्टलच्या लुईस आणि हीटन या डॉक्टरांनी विष्ठेचे सात प्रकार ठरवून एक तक्ता प्रसिद्ध केला आहे. एक म्हणजे सुट्या लेंड्या, सात म्हणजे निव्वळ पाणी, तीन-चार म्हणजे सुखी माणूस. वर्णन नको, फोटो तर मुळीच नको, फक्त आकडा पाठवायचा, अशी तिची सक्त ताकीद. तिच्या मागे लागून मी फोटोबद्दल विचारलं होतं हे मान्य.

जाडा कोंडा चाळून भाकरीत, इसबगोल पूर्ण ग्लासात, राजमाचं पाणी मोरीत. दिवाळीचा फराळ मध्ये येऊन गेला तरी गाडी हळूहळू रुळावर आली. एके दिवशी पहाटे, बऱ्याच काळाने, सगळं जसं व्हावं तसं झालं. आनंदाच्या भरात मी बाहेर आलो, मोबाइल उचलला आणि भाचीला आकडा पाठवला. भाचीला नाही, कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. 'आज चार!!' पुढे दोन हात जोडलेले.

साडूंचं उत्तर लगेच आलं, "जमेल. कुठे भेटायचं?"